घेणाऱ्याच्या नावे

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आम्हाला जमाखर्चाचा एक नियम शिकवला होता. घेणाऱ्याच्या नावे टाका, देणाऱ्याला जमा करा. बाकीचे कॉमर्स मी परीक्षेच्या हॉलमध्येच उत्तरपत्रिकेसोबत परत करून आलो, पण हा नियम तेवढा अंगाला चिकटून राहिला. बँकेत नोकरी लागल्यावर तर तो पोटाला लागला. कोणी काही दिले की ते कोणाच्या तरी नावे पडते, हे मला इतके पाठ आहे की शेजारच्या वहिनींनी वाटीभर चिवडा पाठवला तरी माझ्या मनात डावी बाजू आणि उजवी बाजू अशी रेघ ओढली जाते. वाटी रिकामी परत जात नाही ती त्यामुळेच. तिच्यात आमच्या घरातून साखर तरी जाते. हिशेब मिटतो.

हा नियम ज्याला लागू पडत नाही त्याला भेट म्हणतात, अशी माझी समजूत होती. गेल्या हिवाळ्यात आमच्या पतसंस्थेने सभासदांना पेन, डायरी आणि मग यांचा संच दिला, तेव्हा ती समजूत डळमळली.

आमची पतसंस्था म्हणजे बँकेतल्याच नोकरदारांची. पगारातून वर्गणी कापली जाते, पोरीच्या लग्नाला कर्ज मिळते आणि वर्षातून एकदा सभा होऊन तीत चहाच्या दर्जावर चर्चा होते. सरकारी बँकांनी, मंत्रालयांनी आणि सरकारी कंपन्यांनी भिंतीवरची कॅलेंडरे आणि डायऱ्या छापू नयेत असा हुकूम केंद्राच्या अर्थखात्याने सप्टेंबर २०२० मध्ये काढला. त्याआधी जानेवारी उजाडली की गावातले लोक काऊंटरवर पासबुक पुढे करून हळूच विचारत, "साहेब, डायरी?" ज्याला डायरी मिळे तो इतरांकडे खातेदारांकडे पाहावे तसा पाहायचा आणि ज्याला मिळत नसे तो खाते बंद करण्याची भाषा करायचा. हुकूम आला आणि तो सगळा डौल बसला. पण पतसंस्था सरकारी नव्हे. तिला पंचवीस वर्षे पूर्ण होत होती. ३१२ सभासद. तेव्हा रौप्यमहोत्सवी भेट द्यायची असे ठरले, आणि मी त्या सभेत थोडा उशिरा पोचल्यामुळे ते काम माझ्याकडे आले.

अध्यक्षांची अट एकच होती. "तिन्ही वस्तूंवर आपलं बोधचिन्ह एकाच जागी पाहिजे. डबा उघडला की कसं, कवायतीतल्या रांगेसारखं दिसलं पाहिजे."

ऐकायला हे सोपे वाटते. तुम्हालाही वाटले असेल. डायरी सपाट, मग गोल आणि पेन म्हणजे काडी. या तिघांवर 'एकाच जागी' म्हणजे कुठे? माणूस, मांजर आणि अळी या तिघांना एकाच जागी टिकली लावा म्हटल्यासारखे ते होते.

आमचे बोधचिन्ह म्हणजे दोन ओंजळी, त्यांत एक दिवा, आणि खाली अर्धवर्तुळात संस्थेचे पूर्ण नाव. ते नाव शेवटी 'मर्यादित' या शब्दाने संपते आणि तेवढ्याच बाबतीत मर्यादित आहे. चिन्हाची फाईल एका जुन्या संगणकातून काढली आणि अमरावतीहून अकोल्याच्या एका छपाईवाल्याकडे घेऊन गेलो. अकोला का, तर खजिनदारांचे सासर तिथे. रस्ता आता झकास झाला आहे. जून २०२२ मध्ये या अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबर एका दमात, साडेपाच कमी एकशे अकरा, म्हणजे जवळजवळ १०६ तासांत टाकून जागतिक विक्रम केला गेला. त्या विक्रमी रस्त्यावरून मी पाच वेळा गेलो आणि पाच वेळा आलो. माझा विक्रम कोणी नोंदवला नाही.

पहिली खेप फुकट गेली. छपाईवाल्याने फाईल उघडली तर दिवा आणि ओंजळी जागच्या जागी, पण नावाच्या ठिकाणी इंग्रजी अक्षरे, कंस आणि चौकोन यांचा रस्सा. आपली मराठी अक्षरे त्या काळच्या फाँटमध्ये टाईप केलेली असली आणि तो फाँट दुसऱ्या संगणकात नसला की असेच होते. अक्षर हे अक्षर म्हणून ठेवायचे नसते, त्याची बाह्यरेषा करून द्यायची असते. छपाईवाल्याच्या भाषेत 'कर्व्ह करून आणा.' मग ते अक्षर राहत नाही, चित्र होते. ते कोणत्याही यंत्रावर तसेच दिसते, फक्त त्यातली चूक पुन्हा दुरुस्त करता येत नाही. आमच्या शाखाधिकाऱ्यांच्या सहीसारखे.

दुकानात आराखडे करणारी एक मुलगी होती. वय बावीस-तेवीस, पण तिने मला असे शिकवले की मला पुन्हा हाफपँटमध्ये असल्यासारखे वाटू लागले. ती म्हणाली, "काका, सारख्या मापाचं म्हणजे सारखं दिसतंच असं नाही." तिने आमचे चिन्ह तिन्ही वस्तूंवर तीन सेंटिमीटर रुंद करून दाखवले. डायरीवर ते बरे दिसले, मगावर हरवले आणि पेनावर मावलेच नाही. मग तिने सांगितले की वस्तूचा जेवढा भाग डोळ्यांना एका नजरेत दिसतो त्याच्या प्रमाणात चिन्ह ठेवायचे.

मगाच्या बाबतीत या 'एका नजरेत'ची गंमत आहे. नेहमीच्या मगाचा व्यास आठ सेंटिमीटरच्या थोडा वर असतो, म्हणजे घेर सव्वीसच्या आसपास. छापायचा कागद वीसेक सेंटिमीटर लांब असतो. तो टेबलावर सपाट पसरला की भरपूर जागा दिसते, आणि अध्यक्ष म्हणतात, "अहो, मोठं करा की जरा!" पण तोच कागद मगाभोवती गुंडाळला की समोरून आठ सेंटिमीटरच दिसतात, त्यातही दोन्ही कडा मागे वळलेल्या. चिन्ह सहाच्या पुढे गेले की संपले. आम्ही एक नमुना अध्यक्षांच्या इच्छेप्रमाणे काढला. समोरून वाचले तर 'कारी पतसंस्था मर्या' एवढेच. पुढचे वाचायला मग फिरवावा लागे आणि 'मर्यादित'मधला 'दित' दांड्यापाशी जाऊन थांबे. मर्यादा ओलांडली म्हणजे काय होते हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिले.

छापण्याची पद्धतही तिघांची तीन. डायरीचे कव्हर रेक्झिनचे. त्यावर धातूचा ठसा तापवून सोनेरी पट्टी दाबायची. पेन काळ्या रंगाचे, धातूचे. त्याला लेझरने वरचा रंग उडवायचा, म्हणजे खालचा धातू चमकतो. मगाचे वेगळेच. तो साधा पांढरा मग नसतो, त्याच्या अंगावर एक लेप असतो. कागदावर चिन्ह उलटे, आरशातल्यासारखे छापायचे, कागद मगाला घट्ट गुंडाळायचा आणि यंत्रात घालून एकशे ऐंशी-दोनशे अंश उष्णता तीनेक मिनिटे द्यायची. शाईची वाफ होऊन ती लेपात शिरते. कागद केसभर सरकला तर चिन्हाला सावली पडते. कागद उलटा छापायचे विसरले तर मगावरची मराठी आरशात वाचावी लागते. आणि या शाईत सोनेरी रंग निघत नाही. तेव्हा डायरीवर सोनेरी, पेनावर चंदेरी आणि मगावर पिवळसर असे आमचे एक चिन्ह तीन रंगांत आले. पेनावर जागा मिळाली सहा मिलिमीटर. तेवढ्यात नाव घातले तर अनुस्वार आणि मात्रा एकमेकांना मिठ्या मारत होत्या. म्हणून पेनावर नुसता दिवा आणि ओंजळी ठेवल्या. खजिनदार म्हणाले, "बिननावी पेन? मग दिलं कोणी हे कळणार कसं?"

हा प्रश्न मी बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत चघळत होतो. दिले कोणी हे कळावे कशाला?

आता तुम्ही म्हणाल, मोठा तत्त्ववेत्ता आला. पण आपल्याकडे देणाऱ्याचे नाव हा काही आजचा आजार नाही. स्टीलची भांडी आली तशी ती सुई आली. अमरावतीत भांड्यांच्या दुकानात एक माणूस तेवढ्याच कामाला बसलेला असे. थरथरणारी सुई हातात धरून तो ताटाच्या काठावर टिंबाटिंबाने नाव काढी. 'चि. अमुक व चि. सौ. कां. तमुक यांस सप्रेम भेट', त्याखाली देणाऱ्याचे नाव, आणि अक्षरावर पैसे लागत म्हणून गावाचे नाव फक्त आद्याक्षरात. माझ्या लग्नातल्या एका पातेल्यावर मामांचे नाव असे कोरले आहे की त्यात भात करताना मामा खरपुडीसकट वर येतात. ही मंडळी आत्मप्रौढी करत होती असे मला वाटत नाही. नाव घातलेले पातेले पुढच्या लग्नात दुसऱ्याला खपवता येत नाही, एवढाच त्यात व्यवहार होता. नाव हे भेटीला घातलेले कुलूप होते.

देवळातल्या पंख्यांचे तसे नाही. त्यांच्या पात्यांवर 'यांच्या स्मरणार्थ' असते ते जगाला दिसावे म्हणूनच. पण पंखा फिरू लागला की नाव दिसत नाही, आणि नाव वाचता येते तेव्हा वारा नसतो. मे महिन्यात अकोल्यात वीज गेली की देणाऱ्यांची नावे तेवढी नीट वाचून होतात.

आणि याच अमरावती जिल्ह्याच्या मातीतला, शेंडगावचा, डेबूजी झिंगराजी जाणोरकर नावाचा एक माणूस होता. त्याच्याकडेही एक संच होता. खराटा, अंगावर चिंध्या आणि एक मातीचे गाडगे. त्यातच जेवायचे, त्यातच पाणी प्यायचे आणि रिकामे झाले की डोक्यावर घालायचे. त्या गाडग्यावर कोणाचे चिन्ह नव्हते. उलट गाडग्यानेच माणसाला आपले नाव दिले, ते इतके की मूळचे नाव सांगावे लागते. त्यांनी पंढरपूरला धर्मशाळा बांधली तिला नाव चोखामेळ्याचे. पुढे ती बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या हवाली केली. १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाच्या आसपास ते गेले. आज त्यांचे नाव आमच्या विद्यापीठाला आहे आणि त्या विद्यापीठाचाही एखादा मग असेल. तो दोष गाडगेबाबांचा नाही. माझ्या खजिनदारांना मी हे ऐकवले तेव्हा ते म्हणाले, "बाबांचं बरोबर आहे, पण त्यांना ऑडिट नव्हतं."

ऑडिट म्हणाल तर तेही विचारून झाले. आमच्या संस्थेचे हिशेब पाहणाऱ्या सी.ए. साहेबांना मी सहज म्हटले, ही भेट की जाहिरात? ते हसले. म्हणाले, आयकरात एखाद्या व्यापाऱ्याला हा खर्च दाखवायचा असेल तर त्याने सांगावे लागते की हे धंद्यासाठी केले, धंद्याशी संबंध नसलेली खिरापत चालत नाही. म्हणजे तिथे ती जाहिरात. आणि जीएसटीत माल भेट म्हणून दिला की त्याच्या खरेदीवर भरलेला कर वजा करून मिळत नाही. म्हणजे तिथे ती भेट. मग एकच, दांडा एकच, पण सरकारचे एक खाते तो उजव्या हाताने धरते आणि दुसरे डाव्या. हातांचा हा विषय त्यांच्या तोंडी तेव्हा सहज आला होता. मला त्याची किंमत पुढे कळली.

नमुना मंजूर करायची वेळ आली. डबा पुठ्ठ्याचा, आत काळा फोम आणि त्यात कापलेले तीन खळगे. डावीकडे डायरी, उजवीकडे आडवा निजलेला मग आणि त्या दोघांच्या पायाशी लांब पेन. अध्यक्षांना फोटोसाठी तिन्ही चिन्हे सरळ दिसायला हवी होती. मग उजव्या भिंतीला टेकलेला, म्हणून दांड्याला त्या बाजूला जागा नव्हती. खळग्यात दांडा डावीकडे आला. तशा निजलेल्या मगाची जी बाजू वर येते तिच्यावर चिन्ह घेतले. पेनाची टोपी डावीकडे आणि निब उजवीकडे. त्या स्थितीत दिवा उभा दिसेल असे लेझर केले. डबा उघडला, तिन्ही दिवे एका रांगेत उभे. कवायतच. अध्यक्षांनी मान डोलावली, खजिनदारांनी डोलावली, आणि मी नमुन्याच्या कागदावर 'मंजूर' लिहून झोकदार सही केली. ती अकोल्याची मुलगी एकदा म्हणाली होती, "काका, हातात धरून बघा हं." मला वाटले ती वजनाबद्दल बोलते आहे.

कार्यक्रम झाला, संच वाटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला पहिली तक्रार आली. कॅशियरने पेनाने लिहायला सुरुवात केली आणि थांबला. "हा दिवा उलटा आहे."

मी म्हटले, पेन उलटे धरले असेल. तो म्हणाला, "पेन उलटं धरून कोणी लिहितं का?"

तुम्ही हे वाचताना पेन हातात घ्या, म्हणजे पटकन कळेल. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचे निब डावीकडे असते आणि पेनाचे शेपूट उजवीकडे. तेव्हा त्याला चिन्ह सरळ दिसायचे असेल तर त्याचे वाचन निबेकडून शेपटाकडे हवे. आमचे डब्यासाठी केले होते, शेपटाकडून निबेकडे. म्हणून लिहिणाऱ्याला दिवा पालथा आणि ओंजळी आभाळाकडे तळवे लपवलेल्या. सरळ दिसणार कोणाला, तर काऊंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या खातेदाराला.

दुपारी मगाची बातमी आली. दांडा उजव्या हातात धरला की पिणाऱ्याकडे येते ती बाजू कोरी, आणि चिन्ह समोरच्याकडे. "म्हणजे मी चहा पिणार आणि जाहिरात शेजारच्याला," असे एक वहिनी म्हणाल्या. काही लोकांनी याला अध्यक्षांचा डाव म्हटले. सभासदाच्या घरी येणाऱ्या पाहुण्याला संस्थेचे नाव दिसावे, आणि सभासदाला फक्त पांढरी भिंत. एका विचारवंत सभासदाने तर सरळ विचारले, "ही भेट मला दिली, का माझ्या हातून तुमचा बोर्ड धरवला?" मला उत्तर देता आले नाही. कारण डाव कोणीच टाकला नव्हता. डबा चांगला दिसावा एवढेच आम्ही पाहिले होते. वस्तू डब्यात एक दिवस राहते आणि हातात दहा वर्षे, हे तिघा कॉमर्स पदवीधरांच्या लक्षात आले नाही.

तक्रारींचा ढीग झाला. अध्यक्षांनी तातडीची सभा बोलावली आणि तिच्या आदल्या संध्याकाळी मी आमच्या जुन्या दफ्तरींच्या घरी गेलो.

दफ्तरी निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. आमच्या शाखेतले जुने लेजर कोणत्या कपाटाच्या कोणत्या फळीवर आहे हे त्यांना झोपेत विचारले तरी सांगत. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणे परत आले, पाय थोडा परत आला, हात आला नाही. ते कार्यक्रमाला येऊ शकले नव्हते म्हणून संच शिपायाकरवी घरी पाठवला होता. मी खरे म्हणजे पोच घ्यायला गेलो होतो. रजिस्टरमध्ये सही हवी होती.

काकूंनी चहा आणला. मला कपात, त्यांना आमच्या मगात. त्यांनी मग डाव्या हाताने उचलला आणि ओठांशी नेला. दिवा, ओंजळी, संस्थेचे अख्खे नाव त्यांच्या डोळ्यांसमोर सरळ उभे. त्यांनी मला तो मग दुरून दाखवला, मग पुन्हा स्वतःकडे फिरवला.

"पाहा न भाऊ," ते म्हणाले. "मले त वाटलं होतं, आता आपल्याले कोन पुसते? रिटायर मानूस, त्यात असा पांगळा. पन तुमी त माह्या डाव्या हाताचीबी याद ठेवली."

मला काही कळेना. त्यांनी उशीखालून पेन काढले. डाव्या हातात धरले. निब उजवीकडे, शेपूट डावीकडे, दिवा सरळ.

"हा पेनबी डाव्या हाताचाच हाय. काहून सांगू तुमाले, दोन वर्सं झाले, घरातली हर एक वस्तू उजव्या हातवाल्याची हाय. कैची घ्या, नाडा घ्या, दाराची कडी घ्या. हे पहिली गोष्ट हाय जे माह्याकडं तोंड करून हाय. शिपायाले पुसलं मी, का बाकीच्याइलेबी असंच हाय का. तो म्हने मले नाई माहीत. मी समजून गेलो. तुमी माह्यासाठी अलग बनवला."

मी कप खाली ठेवला. आता बोलायला पाहिजे होते. 'दफ्तरी, हा मग ३१२ जणांना असाच आहे, तो चुकलेला आहे, उद्या त्याच्यावर सभा आहे.' एवढी तीन वाक्ये. मी तोंड उघडलेही. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मान नकारार्थी हलवली असेही मी शपथेवर सांगणार नाही. कदाचित त्या माशी हाकलत असतील.

"कोनाले सुचलं हे भाऊ?" दफ्तरींनी विचारले.

"कमिटीला," मी म्हणालो.

मग त्यांनी माझ्या रजिस्टरमध्ये डाव्या हाताने सही केली. तीन मिनिटे लागली. वेलांटी घसरली, आडनाव रेघेच्या बाहेर गेले, पण सही झाली. त्यांची आधीची नोंद कर्जाच्या अर्जावरच्या अंगठ्याची आहे.

परत येताना मी स्वतःशी हिशेब मांडला. मी कोणाला फसवले? माझ्याकडून त्यांना काही कमी पडले नव्हते. उलट जे मी दिलेच नव्हते त्याचे आभार मी खिशात घालून आलो होतो. देणाऱ्याला जमा, हे ठीक. पण ज्याने दिले नाही त्याला जमा झाले तर त्याला आमच्या भाषेत चुकीची नोंद म्हणतात आणि ती दिसल्याबरोबर उलटवायची असते. ही मी उलटवू कशी? उलटवली तर माझे खाते चोख होते आणि त्यांच्या हातातला मग पुन्हा साधा मग होतो. स्वतःचे पुस्तक स्वच्छ ठेवायला दुसऱ्याची शिल्लक काढून घ्यायची का? आणि नाही उलटवली, तर उद्या शिपायाच्या किंवा एखाद्या सभासदाच्या तोंडून त्यांना कळलेच, तर? तेव्हा मग तर जाईलच, मीही जाईन. राजकमल चौक आला तरी माझी तेरीज जुळली नव्हती.

सभेत वातावरण तापलेले होते. खजिनदारांनी ठराव मांडला, की छपाईवाल्याने चुकीचे काम केले, सबब त्याच्या बिलातून दहा टक्के कापावेत. सगळ्यांचे हात वर जाऊ लागले. उजवे. मी नमुन्याचा कागद पुढे ठेवला. त्यावर 'मंजूर' होते आणि खाली माझी झोकदार सही. मी म्हटले, त्याने आपण सांगितले तेच केले. हातात धरून बघा असेही तिथे सांगितले होते. ते मी ऐकले नाही.

"मग हे दहा टक्के तुमच्या नावे टाकायचे का?" खजिनदारांनी विचारले. लोक हसले. मीही हसलो, पण मनात रक्कम करून पाहिली. ती माझ्या दोन महिन्यांच्या किराण्याएवढी भरत होती. शेवटी अध्यक्षांनीच विषय मिटवला, कारण फोटोचा हट्ट त्यांचा होता हे त्यांना आठवत होते. बिल पूर्ण द्यायचे ठरले.

"एकूण तक्रारी किती आल्या, ते इतिवृत्तात घ्या," ते म्हणाले.

"३१२ पैकी ३११," मी म्हणालो. तोंडून निघून गेले.

"तो एक कोण?"

मी सांगितले. सांगायला नको होते. क्षणभर सभा गप्प झाली आणि मग अध्यक्षांचा चेहरा उजळला. "वा! मग हे वार्षिक अहवालात घ्या ना! डाव्या हाताने काम करणाऱ्या सभासदाचा विचार करून संस्थेने…"

"पण तसा विचार आपण केला नव्हता," मी म्हणालो.

"तुम्ही काल त्यांना काय सांगितलंत?"

मी पाणी प्यालो. त्यांना सांगणे आणि अहवालात छापणे यांत फरक आहे असे मला वाटत होते, अजूनही वाटते, पण तो फरक सभेला समजेल अशा भाषेत मला मांडता येईना. तिथे एका माणसाच्या हातातला मग राखायचा होता. इथे आमचेच नाव आणखी एका जागी छापायचे होते. मी एवढेच म्हणालो की ते वाक्य अहवालात जाणार असेल तर अहवाल दुसऱ्या कोणी लिहावा. अहवाल लिहायला दुसरे कोणीच तयार नसते, म्हणून वाक्य गेले नाही.

माझा मग घरी टेबलावर असतो. सौ.नी विचारले, हल्ली तुम्ही चहा डाव्या हाताने का पिता? मी म्हटले, सवय करतो आहे. काल तो नव्या डायरीवर सांडला, नेमका सोनेरी दिव्यावर. तो विझला नाही. ठसा चांगला बसला आहे.